फॉरमॅट केलं की चार दिवस नीट, मग पुन्हा तुटक रेकॉर्डिंग: सेट टॉप बॉक्स आणि पेन ड्राइव्हचं दुखणं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. पेन ड्राइव्ह नवा होता तोवर बॉक्सवर रेकॉर्डिंग व्यवस्थित व्हायचं. मग मधेच चित्र उडी मारायला लागलं, आवाज तुटायला लागला, कधी रेकॉर्डिंग अर्ध्यातच थांबलं. ड्राइव्ह फॉरमॅट केला की पुन्हा ठीक, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. त्यात पाकिटावर १०० एमबी प्रति सेकंद असं छापलेलं असतं, त्यामुळे ड्राइव्हवर संशयही येत नाही. दोष बॉक्सच्या माथी जातो.

बहुतेक वेळा दोष ड्राइव्हचाच असतो, पण तो पाकिटावरच्या वेगात दिसत नाही. तो नेमका कुठे असतो हे कळलं की पुढची खरेदीही चुकत नाही. मात्र आधी रेकॉर्डिंग खरंच खराब झालंय का, हे ठरवायला हवं.

खराबी फाइलमध्ये आहे की बघण्यात?

जिथे अडकलं तिथून एखादं मिनिट मागे जा आणि तोच भाग पुन्हा बघा. दर वेळी त्याच जागी, त्याच शब्दावर तुटत असेल, तर फाइलमध्येच खड्डा आहे. एकदा इथे, एकदा तिथे अडकत असेल, तर फाइल शाबूत आहे आणि ती वाचताना बॉक्सची किंवा ड्राइव्हची दमछाक होतेय.

आणखी एक खूण कानाने ओळखता येते. वाचण्यात अडचण असेल तर चित्र थांबतं आणि थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. संवादातला एकही शब्द जात नाही. लिहिण्यात अडचण झाली असेल तर शब्दच गायब असतात. पात्र दारात उभं होतं ते एकदम खुर्चीत बसलेलं दिसतं, आणि मधे क्षणभर चित्राचे चौकोन पडतात. ते चौकोन पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत राहतात, कारण मधली चित्रं ही फक्त आधीच्या चित्रातले बदल असतात. पूर्ण चित्र साधारण अर्ध्या ते दोन सेकंदांनी येतं, म्हणून चौकोनही तेवढाच वेळ दिसतात.

फाइलमध्येच खड्डा असेल तर तिसरी शक्यता सिग्नलची. बॉक्स रेकॉर्डिंग करताना चित्र नव्याने तयार करत नाही. हवेतून किंवा केबलमधून आलेला डेटा जसाच्या तसा, फार तर कुलूपबंद करून, ड्राइव्हवर उतरवतो. त्यामुळे सिग्नलमधली घाणही तशीच उतरते. याचा निकाल लावायचा सोपा मार्ग म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना तेच चॅनल थेट बघत बसणे. थेट चित्र स्वच्छ होतं आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याच मिनिटाला उडी आहे, तर दोष सिग्नलचा नाही, कारण दोन्हीकडे एकच ट्यूनर होता. थेट चित्रही त्याच वेळी फुटलं असेल तर ड्राइव्ह बदलून काही होणार नाही, केबल आणि जोड तपासा.

वेग भरपूर आहे, मग अडतं कुठे?

इथे जरा हिशोब करू. एचडी चॅनल साधारण ८ मेगाबिट प्रति सेकंद धरलं, तर ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १ एमबी. तासाला ३.६ जीबी. साधं एसडी चॅनल ३ मेगाबिटचं धरलं तर तासाला १.३५ जीबी. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधूनसुद्धा प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास जातात. म्हणजे गरज एकाची आणि सोय तिसाची. वेग कमी पडतोय असं म्हणायला जागाच नाही.

अडतं ते मधल्या थांब्यांमुळे. पेन ड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी ती जागा पुसावी लागते, आणि पुसणं मोठ्या गठ्ठ्यानेच होतं. एक गठ्ठा कित्येक एमबीचा असू शकतो. त्या गठ्ठ्यात थोडा कामाचा डेटा असेल तर ड्राइव्हमधली चिप आधी तो दुसरीकडे नकलते, मग गठ्ठा पुसते, मग तुमचं लिहिते. एवढं होईपर्यंत ती बाहेरून काहीही घेत नाही. चांगल्या ड्राइव्हमध्ये हा थांबा जाणवत नाही, पण स्वस्तातल्या ड्राइव्हमध्ये तो दोन-तीन सेकंदांचाही होतो.

संगणकावर फाइल कॉपी करताना असे तीन सेकंद गेले तर कुणाला कळतसुद्धा नाही. संगणक थांबतो, मग पुढे जातो. चॅनल मात्र कुणासाठी थांबत नाही. तेवढा वेळ आलेला डेटा बॉक्सला आपल्या मेमरीत धरून ठेवावा लागतो, आणि त्यासाठी राखलेली जागा, म्हणजे बफर, फार मोठी नसते.

समजा बफर ४ एमबीचा आहे. एका एचडी चॅनलला तो ४ सेकंदांत भरतो. ड्राइव्ह ३ सेकंद अडकला तरी निभावतं, रेकॉर्डिंग स्वच्छ. आता तोच ड्राइव्ह, तोच थांबा, पण एकाच वेळी दोन चॅनलं रेकॉर्ड होताहेत आणि बफर दोघांत मिळून तेवढाच आहे. सेकंदाला २ एमबी येताहेत, म्हणजे बफर २ सेकंदांत भरला आणि तिसऱ्या सेकंदाचा डेटा सांडला. दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये एकाच वेळी एकेका सेकंदाचा खड्डा. "एक रेकॉर्डिंग केलं तर ठीक, दोन लावली की तुटतात" याचं कारण हे. बफरचा आकडा बॉक्सगणिक वेगळा असेल, हिशोबाची रीत तीच.

रेकॉर्डिंग चालू असताना त्याच ड्राइव्हवरचं दुसरं काही बघितलं, किंवा थेट कार्यक्रम थांबवून मागून बघितला, तर ताण आणखी वाढतो. तेव्हा लिहिणं आणि वाचणं दोन्ही एकाच चिपच्या दारात उभं असतं, आणि चिप पुसण्यात गुंतली की दोघांनाही थांबावं लागतं. अशा वेळी रेकॉर्डिंग खराब होतंच, शिवाय बघणंही अडकतं.

फॉरमॅटने तात्पुरतं बरं का वाटतं?

नव्या ड्राइव्हवर सगळे गठ्ठे कोरे असतात. पहिल्यांदा तो भरेपर्यंत पुसण्याची वेळच फारशी येत नाही, म्हणून सुरुवातीचे आठवडे झकास जातात. ६४ जीबीचा ड्राइव्ह एचडीत साधारण १७ तासांत एकदा भरतो. त्यानंतर तुम्ही दोन रेकॉर्डिंग पुसता, एक ठेवता, पुन्हा तीन करता, आणि रिकामी जागा तुकड्या-तुकड्यांत विखुरते. आता नवं लिहिताना जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात थोडं जुनं सापडतं, ते हलवावं लागतं, आणि थांबे वाढतात.

फॉरमॅट केलं की तुकडे जातात आणि बॉक्स पुन्हा सलग लिहायला लागतो. सलग लिहिताना पूर्ण गठ्ठाच बदलतो, हलवायचं काही उरत नाही, म्हणून काही दिवस बरे जातात. पण फॉरमॅटमुळे गठ्ठे कोरे होत नाहीत. फाइलींची यादी पुसली जाते, मजकूर तिथेच असतो, आणि बहुतेक पेन ड्राइव्हना "ही जागा आता मोकळी" असं कुणी कळवतही नाही. म्हणून नवेपणाचे दिवस परत येत नाहीत. दर महिन्याला फॉरमॅट करत राहणं हा उपाय नव्हे. त्याने फक्त ड्राइव्ह चुकीचा आहे हे पक्कं होतं.

याच कारणाने ड्राइव्ह कधी भरून टाकू नका, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असू द्या. आणि बॉक्समध्ये टाइमशिफ्ट, म्हणजे थेट कार्यक्रम थांबवून मागून बघता यावा म्हणून होणारं लिहिणं, कायम चालू असेल तर ते बंद करा. ते चालू असलं की तुम्ही काही रेकॉर्ड करत नसतानाही बॉक्स सेकंदाला एक एमबी लिहीत असतो. रोज सहा तास टीव्ही चालला तर रोजचे २१ जीबीपेक्षा जास्त. फ्लॅशची जागा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते, आणि छोटा ड्राइव्ह अशा माऱ्याखाली लवकर झिजतो.

ड्राइव्ह कसा तपासायचा

काही बॉक्स ड्राइव्ह लावल्यावर स्वतःच वेग तपासतात आणि "चालेल" म्हणतात. त्यावर फार विसंबू नका. तपासणी काही सेकंदांची असते, आणि बऱ्याच ड्राइव्हमध्ये सुरुवातीचा थोडा भाग वेगवान साठ्यात जातो. तो साठा भरल्यावर खरा वेग दिसतो. संगणकावरच्या झटपट वेगचाचण्यांचंही तेच.

विंडोजवर सगळ्यात बोलकी चाचणी म्हणजे एक मोठी फाइल, ३ जीबीच्या वरची आणि ४ जीबीच्या आतली, ड्राइव्हवर कॉपी करायची आणि कॉपीच्या खिडकीत More details दाबून आलेख बघायचा. ड्राइव्ह आधी बराच भरलेला असेल तर आणखी चांगलं, कारण बॉक्सला तो तसाच मिळतो. शेवटचा आकडा किती आला याला महत्त्व नाही, आलेखाचा आकार बघा. सुरुवातीला ऐंशीच्या वर, मग धपकन दहावर, आणि त्यानंतर अधूनमधून रेघ पार तळाला टेकून दोन-तीन सेकंद तिथेच पडून राहते. असा आलेख दिसला की रेकॉर्डिंगसाठी तो ड्राइव्ह बाद. याउलट पूर्ण वेळ जेमतेम १५ एमबीवर पण सपाट चालणारा ड्राइव्ह रेकॉर्डिंगला उत्तम चालेल.

लिनक्स वापरत असाल तर हेच जास्त नेमकं दिसतं. एका खिडकीत लिहायला लावा:

```
dd if=/dev/zero of=/media/usb/test.bin bs=1M count=3900 oflag=direct status=progress
```

आणि दुसऱ्या खिडकीत दर सेकंदाला नजर ठेवा:

```
iostat -mx 1 /dev/sdb
```

`/media/usb` आणि `/dev/sdb` च्या जागी तुमच्याकडची नावं घाला. `wMB/s` या रकान्यात ओळीमागून ओळ `0.00` आली आणि मग एकदम `w_await` चा आकडा हजारांत गेला, की तो थांबा. `w_await` मिलिसेकंदांत असतो, म्हणजे २००० हे २ सेकंद. फाइलचा आकार मुद्दाम ४ जीबीच्या आत ठेवलाय, त्याचं कारण पुढे येतंच.

ड्राइव्ह संशयास्पद स्वस्त मिळाला असेल तर आधी त्याची क्षमता खरी आहे का ते बघा. काही बनावट ड्राइव्ह ६४ जीबी सांगतात आणि आत ८ असतात. पहिली रेकॉर्डिंग उत्तम चालतात, पुढची उघडतच नाहीत किंवा जुनी नासवतात. विंडोजवर H2testw, लिनक्सवर `f3write` आणि नंतर `f3read`. दोन्ही पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतात, त्यामुळे वेळ लागतो, पण उत्तर पक्कं मिळतं.

दर वेळी ठरावीक वेळाने थांबत असेल तर

हे वेगळं दुखणं आहे, वरच्याशी गल्लत करू नका. सिनेमा अडीच तासांचा लावला आणि रेकॉर्डिंग दर वेळी १ तास ११-१२ मिनिटांच्या आसपास थांबतं, तोवर मात्र एकही खड्डा नाही. अशा वेळी फाइलचा आकार बघा. FAT32 या फॉरमॅटच्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. नेमकं सांगायचं तर सुमारे ४२९५ एमबी. सेकंदाला १ एमबी या हिशोबाने त्या ४२९५ सेकंदांत भरतात, म्हणजे ७१ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. तेच एसडी चॅनलवर ३ मेगाबिटने केलं तर मर्यादा येते ३ तास ११ मिनिटांनी, म्हणून तिथे कधी लक्षातच येत नाही. मग "एचडी रेकॉर्डिंग बिघडतं, साधं नीट होतं" असा निष्कर्ष निघतो आणि माणूस सिग्नलच्या मागे लागतो.

शहाणे बॉक्स अशा वेळी फाइलचे तुकडे करून पुढे लिहीत राहतात. तुमचा तसं करत नसेल तर ड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करावा लागेल, आणि ते बॉक्सच्याच मेनूतून करा. संगणकावरून NTFS किंवा exFAT केलं तर काही बॉक्स ते ओळखतच नाहीत, काही नुसतं वाचतात पण लिहीत नाहीत, आणि काही NTFS वर इतके सावकाश लिहितात की पुन्हा तुटक रेकॉर्डिंगपाशीच येऊन थांबतो. बॉक्सला काय झेपतं ते बॉक्सलाच ठरवू द्या. फॉरमॅट करण्याआधी जुनं रेकॉर्डिंग बघून घ्या, कारण सगळं जाणार.

बॉक्सने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह नंतर विंडोजला लावला तर बऱ्याचदा "You need to format the disk in drive E: before you can use it." असं येतं. घाबरू नका आणि Format disk दाबू नका. ड्राइव्ह ठीक आहे, विंडोजला ती पद्धत वाचता येत नाही एवढंच. Cancel दाबा, काढून घ्या. आत फाइली दिसल्या तरी बऱ्याच बॉक्सची रेकॉर्डिंग त्या बॉक्सपुरतीच कुलूपबंद असतात, तेव्हा संगणकावर चालत नाहीत म्हणून ती खराब झाली असं समजू नका.

हार्ड डिस्क लावली तर सुटतं का?

रेकॉर्डिंगपुरतं विचाराल तर बहुतेक वेळा सुटतं. हार्ड डिस्कला पुसण्याची भानगड नसते, आहे त्यावरच लिहिते, आणि दोन रेकॉर्डिंग व एक बघणं एवढं ती सहज पेलते. पण तिचे स्वतःचे दोन हट्ट आहेत.

पहिला विजेचा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. खिशात मावणाऱ्या छोट्या हार्ड डिस्कची तबकडी फिरायला सुरू होताना त्याच्या जवळजवळ दुप्पट मागू शकते. वीज अपुरी पडली की डिस्कमधून लयीत टकटक ऐकू येते, बॉक्स "ड्राइव्ह जोडला, ड्राइव्ह काढला" असं आळीपाळीने दाखवतो, कधी स्वतःच बंद होऊन सुरू होतो. हे दिसलं तर वेगळ्या अडॅप्टरचा यूएसबी हब मधे घाला, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेली मोठी डिस्क घ्या. लांबलचक, बारीक यूएसबी केबलनेही हेच होतं, तेव्हा आधी आखूड केबल लावून बघा. फुकटातला उपाय आहे.

दुसरा झोपेचा. अनेक डिस्क काही मिनिटं काम नसलं की तबकडी थांबवतात आणि जागं व्हायला पाच-दहा सेकंद घेतात. वेळ लावून ठेवलेल्या रेकॉर्डिंगची सुरुवात तुटलेली असते किंवा रेकॉर्डिंग होतच नाही, आणि हाताने बटण दाबून केलेलं मात्र नीट होतं. असं असेल तर कारण हेच समजा. बॉक्सच्या मेनूत डिस्क झोपवण्याची वेळ बदलता येत असेल तर वाढवा. नसेल तर रेकॉर्डिंग नेहमीच पाच मिनिटं आधीपासून लावा, तेवढ्या वेळात डिस्क उठते.

मी निवडायचं तर स्वतःचा अडॅप्टर असलेली हार्ड डिस्क निवडेन, आणि तबकडीचा आवाज नको असेल तर यूएसबी जोडणीतली साधी साटा एसएसडी. एसएसडीतही फ्लॅशच असतो, पण तिची चिप पुसण्याचं काम आधीच आणि मागच्या मागे उरकते, त्यामुळे थांबे पेन ड्राइव्हसारखे पडत नाहीत. एनव्हीएमई या जास्त वेगवान एसएसडीच्या डब्या टाळा. त्यांना वीज जास्त लागते आणि त्यांचा वेग इथे वायाच जातो. क्षमता २ टीबीच्या पुढे नको. ड्राइव्हवरच्या जागेची विभागणी नोंदवण्याची MBR ही जुनी पद्धत तिथवरच पोचते, आणि त्यापुढची GPT कित्येक बॉक्सना वाचता येत नाही. तसंही १ टीबीत एचडीचे पावणेतीनशे तास मावतात.

पेन ड्राइव्हच वापरायचा असेल तर त्यावर एका वेळी एकच रेकॉर्डिंग करा, ते चालू असताना त्यावरचं दुसरं काही बघू नका, आणि बॉक्सच्या गरम हवेच्या जाळीसमोर तो खुपसून ठेवू नका. तापला की चिप स्वतःहून मंद होते.

सपाट आलेखाची, अडॅप्टरची डिस्क लावूनही, थेट चित्र स्वच्छ असताना खड्डे पडत असतील, तर मात्र बॉक्सकडे वळा. दुसरा यूएसबी पोर्ट असेल तर तो वापरून बघा, बॉक्सचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. तक्रार नोंदवताना चॅनल, मिनिट आणि डिस्क कोणती होती ते लिहून ठेवा, म्हणजे समोरचा "ड्राइव्ह बदलून बघा" म्हणून वाटेला लावू शकणार नाही.